रेकॉर्ड बदलूनही साइट जुन्याच सर्व्हरवर: सपोर्टला लिहिलेलं पत्र बघता का?

अडलाहरी
मंडळी, साइट नव्या होस्टिंगवर हलवली, A रेकॉर्ड बदलला, तरी जुनीच साइट दिसते आहे. सपोर्टवाले "वाट बघा" यापलीकडे बोलायला तयार नाहीत. आता खरमरीत पत्र पाठवतोय. भाषा कमी-जास्त वाटली तर सांगा, घाई आहे.

"महोदय, आमच्या डोमेनचा रेकॉर्ड आम्ही रीतसर बदलला असूनही आपल्या हलगर्जीपणामुळे साइट जुन्या सर्व्हरवरून उघडत आहे. यामुळे आमच्या ग्राहकांना मनस्ताप होत आहे. त्वरित कार्यवाही न झाल्यास आम्हाला वेगळा विचार करावा लागेल."

भोचक
भाषा झकास आहे, मजकूर मात्र शून्य. डोमेन कुठलं, जुना पत्ता काय, नवा काय, कुणाला कुठे काय दिसतं, यातलं एकही नाही. हे वाचून समोरचा "वाट बघा" सोडून दुसरं काय लिहिणार?

दोन_घटका
४८ तास थांबा. डीएनएसचा बदल जगभर पसरायला तेवढा वेळ लागतोच. उगाच पत्रापत्री कशाला?

बिनतारी
तो बदल कुठे पसरत-बिसरत नसतो हो. ज्याने त्याने जुनं उत्तर साठवून ठेवलेलं असतं आणि ते टीटीएल संपेपर्यंत वापरतो, इतकंच. टीटीएल ३६०० असेल तर तासाभरात नवं उत्तर मिळायला हवं. आणि बदलाच्या आधी जो टीटीएल होता तो धरायचा, नंतर टाकलेला नाही. अडलाहरी, तो किती होता?

सुगरणीचा_खोपा
माझंही सेम! होस्टिंग बदलल्यापासून मेल येत नाहीत. तुम्ही MX रेकॉर्ड तपासा, नक्की तिथेच गडबड असणार.

भोचक
ताई, त्यांनी मेलचं नावही काढलेलं नाही. तुमचा वेगळा धागा काढा ना.

अडलाहरी
टीटीएल ३६००च होता. तास कधीच उलटून गेला. बरं, लॅपटॉपवर मला नवी साइट दिसते, फक्त "सुरक्षित नाही" असं येतं. ते वेगळं प्रकरण आहे, त्याचं तिकीट वेगळं टाकलंय. मोबाइल डेटावर मात्र जुनीच, आणि बहुतेक ग्राहक मोबाइलवरच असतात. कॅशे, हिस्टरी सगळं पुसून झालं.

बिनतारी
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! आणि ते "वेगळं प्रकरण" वेगळं नसावं असा माझा अंदाज आहे. हे तीन चालवा आणि उत्तर जसंच्या तसं इथे टाका. खरं डोमेन नको असेल तर बदला.

```
dig example.com A +short
dig example.com AAAA +short
dig example.com NS +short
```

दोन_घटका
AAAA कशाला? आयपीव्ही६ वापरतं कोण?

बिनतारी
तुमचा फोन वापरत असेल, तुम्हाला न सांगता. कित्येक मोबाइल नेटवर्क आज आयपीव्ही६ वरच चालतात. एका नावाला दोन्ही पत्ते असले की ब्राउझर आधी आयपीव्ही६ धरायला जातो. घरच्या राउटरवर आयपीव्ही६ नसेल तर लॅपटॉप मुकाट्याने A कडे वळतो.

अडलाहरी
घ्या. नाव आणि आकडे बदलले आहेत.

```
203.0.113.25
2001:db8:51::10
ns1.example.net.
ns2.example.net.
```

पहिला नवा सर्व्हर, बरोबर आहे. दुसरा मी कधीच टाकलेला नाही. नव्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये झोन उघडून पाहिला, तिथे AAAA नावाची ओळच नाही. नेमसर्व्हर जुन्या होस्टिंगचे आहेत, A मी तिथेच बदलला होता.

बिनतारी
मग सापडलं. तो AAAA जुन्या होस्टिंगने खातं उघडताना आपणहून टाकलेला असणार, पुष्कळजण टाकतात. साध्या पडद्यावर फक्त A दाखवतात आणि बाकीचं "प्रगत" मध्ये दडवतात. नव्या पॅनेलमधला झोन कितीही बरोबर असला तरी जग तो वाचतच नाही, कारण नेमसर्व्हर जुन्यांचे आहेत. म्हणजे पत्र जायला हवं जुन्या होस्टिंगला. तुम्ही नव्यांना झोडपत होता.

खात्री करायची तर नव्या सर्व्हरवर `kuthe.txt` नावाची एक ओळीची फाइल ठेवा आणि मोबाइल डेटावर ती उघडा. "सापडली नाही" आलं तर फोन जुन्या सर्व्हरवर गेला. कॅशेचा वाद तिथल्या तिथे मिटतो, कारण त्या नावाचं पान यापूर्वी कुणीच पाहिलेलं नसतं.

आणि ते "सुरक्षित नाही": नवीन होस्टिंग लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घेतं का?

अडलाहरी
हो, आणि दर वेळी अडतं. एररमध्ये `acme-challenge` आणि 404 दिसतं. फाइल उघडली नाही, 404च.

बिनतारी
तेच. तपासणी करणारा दोन्ही पत्ते मिळाले तर आयपीव्ही६ ने जातो. जोडणीच झाली नाही तर तो A कडे वळतो, पण तुमचा जुना सर्व्हर जिवंत आहे आणि तत्परतेने 404 देतो. झालं, तिथेच नापास. AAAA गेला की दोन्ही तिकिटं सुटतील.

पत्र असं लिहा, विशेषणं काढून:

"example.com चा झोन आपल्या नेमसर्व्हरवर आहे. A रेकॉर्ड 203.0.113.25 असा बदलला असून तो बरोबर दिसतो. AAAA रेकॉर्ड मात्र अजून 2001:db8:51::10 या आपल्या जुन्या सर्व्हरवर आहे, त्यामुळे आयपीव्ही६ वरून येणाऱ्यांना जुनी साइट दिसते. पॅनेलमध्ये ही ओळ आम्हाला दिसत नाही. कृपया ती काढून टाकावी. `dig` चं उत्तर वेळेसह खाली जोडलं आहे. झोनमधले इतर रेकॉर्ड बदलू नयेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर एखादा उत्साही माणूस झोन "रीसेट" करतो आणि तुमचा A सुद्धा परत जुना होतो.

भोचक
काढायला कशाला सांगता? नव्या होस्टिंगकडून आयपीव्ही६ पत्ता मागा आणि तोच तिथे टाका. आजच्या काळात आपण आयपीव्ही६ काढतोय!

बिनतारी
मिळाला तर उत्तमच. पण नुसता पत्ता असून भागत नाही, त्या पत्त्यावर वेबसर्व्हर ही साइट देतोय का ते आधी बघावं लागतं. आज ग्राहक अडलेत, आज काढा.

दोन_घटका
त्यापेक्षा जुनं खातं बंदच करून टाका. सर्व्हर गेला की फोन आपोआप A कडे वळेल.

बिनतारी
अहो थांबा, नेमसर्व्हर त्याच खात्यात आहेत! खातं बंद केलं की झोन जाईल आणि साइट कुणालाच सापडणार नाही. आधी नेमसर्व्हर हलवा, मग खातं.

भोचक
मग आत्ताच हलवा की, नव्या झोनमध्ये AAAA नाहीच म्हणतायत.

बिनतारी
त्या झोनमध्ये मेलचे रेकॉर्ड आहेत का ते कुणी पाहिलंय? नसतील तर साइट येईल आणि मेल जातील.

सुगरणीचा_खोपा
हेच माझं झालंय!! मी नेमसर्व्हरच बदलले होते.

अडलाहरी
पत्र जुन्यांना पाठवलं, त्यांनी ओळ काढली. `dig` आता AAAA ला रिकामं येतं, प्रमाणपत्रही मिळालं. माझ्या फोनवर नवी साइट आली. पण एक ग्राहक अजून जुनीच दिसते म्हणतोय, त्याच्याकडे टीटीएलचा तास होऊन गेला. त्याने पाठवलेल्या फोटोत पत्त्याच्या सुरुवातीला www आहे, त्याचा काही संबंध?

बिनतारी
असू शकतो. www वेगळं नाव आहे, त्याला स्वतःचा AAAA असू शकतो. `dig www.example.com AAAA +short` काय देतं ते टाका. पत्ता आला तर त्याच तिकिटावर त्याचीही ओळ काढायला सांगा, नवं पत्र नको.