जुलैत म्हापसा ते परळ: विमान की कोकणकन्या? मदत हवी आहे

जुलैत आईला परळच्या हॉस्पिटलात सकाळी 11 वाजता दाखवायचं आहे. गुडघेदुखीमुळे तिला जिने झेपत नाहीत. मोपाहून पहाटेचं विमान घेतलं तर हवेत सव्वा तासच, पण टॅक्सी, दोन तास आधी पोचणं, बॅगा आणि मुंबईतलं ट्रॅफिक धरून घरापासून पाच-साडेपाच तास होतात, वाहनंही तीन. कोकणकन्या थिवीहून थेट दादर, रात्रभर झोपून. खालचे बर्थ कन्फर्म आहेत. धास्ती पावसाची: गाड्या हळू धावतात, दरड कोसळली तर सगळंच अडकतं. विमानही पावसात वळवतात. आदल्या दिवशीच मुंबईत पोचणं शक्य नाही. जुलैत कोकणकन्या दादरला साधारण किती उशिरा पोचते? 11 गाठता येतील का?