आयडियल तपासताना तुम्ही कुठे अडलात? (अनुभव धागा)

मृद्गंध_२२
काल भाचीनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. "मावशी, हे बरोबर आहे ना गं?" Z[x] मधला संच होता: ज्या बहुपदींत x चा सहगुणक सम आहे, त्या सगळ्या. तिनं वजाबाकी तपासली होती, सम वजा सम समच. खाली ठसठशीत लिहिलेलं, "म्हणून आयडियल".

पान बघून पोटात कालवलं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मीही हेच लिहिलं होतं आणि ६ पैकी १ गुण मिळाला होता. का, ते सांगायला कुणी नव्हतं. दोन दिवसांनी माझं मलाच दिसलं. 1 ही बहुपदी त्या संचात आहे, कारण तिच्यात x चा सहगुणक 0. तिला x नं गुणलं की x मिळतो, सहगुणक 1. गेली संचाबाहेर!

सवय लागते ती Z मध्ये. तिथे गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणं, म्हणून वजाबाकी जमली की बाकीचं आपोआप जमतं. Z[x] मध्ये x नं गुणणं ही बेरीज नव्हे. तुमचं काय झालं होतं, लिहा.

पावसाळी ढग
ऑफिसच्या बसमध्ये आहे, घाईत लिहितो. मी तर गुणाकारही तपासला असता. संचातल्या दोन बहुपदी घेतल्या तर x चा सहगुणक a₀b₁ + a₁b₀ येतो, a₁ आणि b₁ दोन्ही सम, म्हणजे बेरीज सम. जमतंय की. मग आयडियल का नाही?

गोदाकाठ
@पावसाळी ढग, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यानं सबरिंग सिद्ध होतं. तुम्ही दोन्ही बहुपदी घरातल्याच घेतल्या. एक घरातली आणि दुसरी रिंगमधली कुठलीही, असं घेऊन बघा. b₁ विषम आणि a₀ विषम असला की मोडलं. मी विद्यार्थ्यांना आधी 1 शोधायला सांगतो. 1 संचात सापडला आणि संच म्हणजे अख्खी रिंग नसेल, तर आयडियल नाही, विषय संपला.

पावसाळी ढग
अरे हो! बारा वर्षांनी कळलं. धन्यवाद सर.

चिंगीची आई
कुकर लावून आले. मला Z[x] वगैरे आठवत नाही, पण चिंगीचा मसावि घेताना एक लक्षात आलं. ६ चे पट आणि १० चे पट एकमेकांत मिळवत गेलं की सगळे २ चे पट मिळतात, म्हणजे मसावि. हे त्यातलंच का?

गोदाकाठ
ताई, त्यातलंच. दोन्हीकडचे समाईक पट घेतले तर ३० चे पट, म्हणजे लसावि. मात्र दोन्ही ढीग नुसते एकत्र ठेवले तर आयडियल होत नाही. १० − ६ = ४, आणि ४ कुठल्याच ढिगात नाही.

चिंगीची आई
तिला आज हेच दाखवते. तिसरी शिट्टी झाली, पळते.

निळी शाई
माझा गोंधळ कोशंटचा. "सगळे सहगुणक सम" आणि "फक्त स्थिरपद सम", दोन्ही आयडियल आहेत. दोन्हीकडे उरतं ते सम-विषम, म्हणजे दोनच घटक ना?

गोदाकाठ
दुसऱ्याचं बरोबर, पहिल्याचं नाही. स्थिरपदवाल्यात x स्वतः आयडियलमध्ये आहे, म्हणून तो शून्य होतो. उरतं फक्त स्थिरपद, तेही सम की विषम एवढंच. पहिल्यात x शून्य होत नाही, कारण त्याचा सहगुणक 1. x, x², x³ सगळे वेगळेच राहतात आणि 0-1 सहगुणकांच्या अनंत बहुपदी उरतात. शंका आली की दोन घटक घ्या, वजाबाकी करा आणि ती आयडियलमध्ये पडते का बघा.

आणि Z सारखा एकच जनक इथे शोधत बसू नका. स्थिरपदवाल्याला 2 आणि x दोन्ही लागतात. एकच असता तर त्यानं 2 लाही भागलं असतं आणि x लाही, म्हणजे तो ±1 असता. पण 1 त्यात नाही.

निळी शाई
हे शेवटचं दोनदा वाचलं, आता बसलं डोक्यात.

शुक्रतारा
मृद्गंध, तुझी भाची कुठे शिकते? आमचीही यंदा एम.एस्सी.ला लागली, नोट्स हव्यात.

मृद्गंध_२२
व्यनि करते गं.
तिला संच दुरुस्त करायला सांगितलं होतं. तिनं स्थिरपद आणि x चा सहगुणक दोन्ही सम घेतले. आता a₀b₁ + a₁b₀ समच येतो, समोर कुणीही असो. कोशंटमध्ये चार उरतात: 0, 1, x, 1+x, आणि x² = 0. ती म्हणते, हे Z/4 च आहे, कारण तिथेही 2·2 = 0. मी एवढंच म्हटलं, दोन्हीकडे 1 + 1 करून बघ. अजून उत्तर आलेलं नाही.