लॉक-इन संपायच्या आधी भाड्याचं घर सोडताना मालकाला काय लिहिलंत? अनुभव सांगा

मेधा, कासारवडवली
नवऱ्याची बदली नाशिकला झाली आहे. घोडबंदर रोडवरच्या आमच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार दोन वर्षांचा आहे. त्यातलं पहिलं वर्ष लॉक-इन, आणि ते संपायला अजून पाच महिने आहेत. त्याआधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं पूर्ण भाडं द्यायचं, असं कलम आहे. दंड माफ करावा आणि आम्ही दुसरं कुटुंब आणून देतो, असं पत्र मालकांना लिहायचं आहे. ज्यांनी असं पत्र लिहिलंय किंवा ज्यांना असं पत्र आलंय, अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहावं. पत्रात काय होतं आणि पुढे काय झालं, तेवढं हवंय.

सुहास, ऐरोली
मी २०२४ मध्ये यातून गेलो आहे. भाडं २६,००० आणि डिपॉझिट एक लाख. करार १ जूनपासून दोन वर्षांचा, लॉक-इन एक वर्ष. नोव्हेंबरअखेर निघायचं म्हणजे सहा महिन्यांचे १,५६,००० अंगावर येत होते, डिपॉझिटपेक्षाही जास्त. मुलाच्या शाळेची, आईच्या तब्येतीची कारणं मी एका ओळीत आटोपली. बाकी सगळं पत्र मालकांचं नुकसान किती आणि ते कोण भरणार, यावर होतं. नाव-पत्ता काढून देतो:

"काका, सप्रेम नमस्कार. नोकरीतील बदलीमुळे ३० नोव्हेंबरला घर सोडावे लागत आहे. कराराप्रमाणे एक महिन्याची नोटीस या पत्राने देत आहे आणि नोव्हेंबरचे पूर्ण भाडे भरेन. लॉक-इनचे कलम मला मान्य आहे. तरी उरलेल्या सहा महिन्यांची रक्कम माफ करावी, अशी विनंती आहे. माझ्या ओळखीचे एक कुटुंब याच भाड्याने आणि याच डिपॉझिटवर १५ डिसेंबरपासून राहायला तयार आहे. त्यांची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. त्यांना भेटून होकार-नकार आपणच द्यावा. मधल्या अर्ध्या महिन्याचे भाडे १३,०००, तसेच नव्या कराराची स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी आणि एजंटचा खर्च माझ्या डिपॉझिटमधून वळता करावा. उरलेले डिपॉझिट नव्या कराराच्या नोंदणीच्या दिवशी मिळावे. मान्य असल्यास याच पत्रावर सही करून एक प्रत द्यावी."

स्टॅम्प ड्युटी १,६१०, नोंदणी १,०००, एजंट १,५००. भाड्यासकट १७,११० कापले आणि ८२,८९० परत मिळाले. काकांनी माझं डिपॉझिट घराच्या रंगकामात आणि दुरुस्तीत कधीच खर्च केलं होतं. नव्या कुटुंबाचं डिपॉझिट आलं, तेव्हाच त्यांना माझं देता आलं. त्यामुळे नुसती माफी मागितली असती तर त्यांना हो म्हणताच आलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

प्रशांत, कळवा
एवढं कशाला लिहायचं? शेवटचे महिने भाडं देऊ नका, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणावं आणि चावी द्यावी. अकरा महिन्यांच्या करारातलं लॉक-इन तसंही कोर्टात चालत नाही.

नाईक, नौपाडा (करार नोंदणीचं काम करतो)
प्रशांतभाऊ, करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तुम्ही बहुतेक तेच ऐकलं असणार. नोंदवलेल्या करारातलं लॉक-इन मात्र आपोआप उडत नाही.

त्याला दुसरी बाजूही आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत मिळते ती वाजवी भरपाई. घर पंधरा दिवसांत पुन्हा भाड्याने गेलं, तर सहा महिन्यांचं नुकसान झालं असं मालकाला दाखवणं जड जातं. पण हा वाद दिवाणी कोर्टातला आहे, आणि तोवर डिपॉझिट मालकाच्या हातात असतं. म्हणून सुहासरावांचं पत्र योग्य. कलमं पत्रात लिहू नका, मालक लगेच वकिलाकडे जातो.

वैशाली, नेरूळ
मी मालक आहे. मला असंच पत्र आलं, "एक चांगलं कुटुंब आहे" असं लिहिलेलं. प्रत्यक्षात चार मुलं आली, शिकणारी, वागायला सभ्य. माझी हरकत नव्हती, पण सोसायटीने आडकाठी केली आणि त्यात महिना गेला. तो महिना कुणाचा, यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मी निम्मं भाडं कापलं, आधीचा भाडेकरू नाराज होऊन गेला. मेधाताई, येणारे कोण, किती जण, काय करतात हे पत्रातच खरं लिहा आणि सोसायटीत आधी विचारून ठेवा.

अनिकेत, वाशी
माझा दुकानाचा गाळा आहे. तीन वर्षं लॉक-इन आणि आता मालकच रिकामा कर म्हणतोय. मीही असंच पत्र द्यायचं का?

नाईक, नौपाडा
तुमचा प्रश्न उलटा आहे. लॉक-इन दोघांवर आहे की फक्त तुमच्यावर, ते करारात वाचा. अनेक मसुद्यांत एकाच बाजूने लिहिलेलं असतं. आधी करार दाखवा.

रेश्मा, खारघर
माझ्या दिरांनी नव्या भाडेकरूकडून डिपॉझिट परस्पर घेतलं आणि चावी त्याच्या हातात दिली. मालक फोनवर "चालेल" म्हणाले होते. करार जुन्याच नावावर राहिला. नव्या माणसाने दोन महिने भाडं थकवलं, तेव्हा मालकांनी दिरांनाच धरलं आणि नवा माणूस डिपॉझिट दिरांकडे मागू लागला. दोन्हीकडून ओढाताण. अजून मिटलेलं नाही.

नाईक, नौपाडा
हे फार होतं. लायसन्स म्हणजे फक्त राहण्याची परवानगी, ती आपण दुसऱ्याच्या हवाली करू शकत नाही. जुना करार लेखी संपवायचा, मालकाने नव्या माणसाबरोबर स्वतंत्र करार नोंदवायचा, डिपॉझिट मालकाच्या खात्यात जायचं आणि पोलिसांना भाडेकरूची माहितीही नव्याने द्यायची. चावी त्यानंतर.

मेधा, कासारवडवली
सुहासदादांच्या धर्तीवर पत्र दिलं. मालकीणबाई कुटुंबाला भेटायला तयार आहेत, पण म्हणतात, "ते लोक ऐनवेळी मागे फिरले तर? माफी आधी लिहून देणार नाही." त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. मग सही कशावर घ्यायची?

नाईक, नौपाडा
अट घालून माफी लिहून घ्या. "अमुक तारखेपर्यंत नव्या कराराची नोंदणी झाल्यास लॉक-इनची उरलेली रक्कम माफ. न झाल्यास भाडेकरू घर पुन्हा भाड्याने जाईपर्यंतचे भाडे देईल, जास्तीत जास्त दोन महिन्यांचे." दोनचा आकडा तुम्ही दोघींनी ठरवायचा. त्या तीन म्हणाल्या, तरी पाचपेक्षा कमीच. आणि दुसरं एखादं कुटुंब आत्तापासून पाहून ठेवा, घोडबंदरला या भाड्यात माणसं मिळतात.