मदत हवी आहे: स्टेटमेंटवरचं हे नाव कुणाचं असेल?

क्रेडिट कार्डच्या स्टेटमेंटवर १२ तारखेला ₹१,१८० गेलेत. समोर एवढंच छापलंय:

```
PG*SHREEVENTPVT THANE IN
```

मी ठाण्यात वर्षभर पाऊलही टाकलेलं नाही! शोधून काहीच सापडलं नाही. `PG*` ही पेमेंट गेटवेची खूण असावी, म्हणजे खरा व्यापारी ताऱ्यानंतरचा. पण नावाला जेमतेम पंचवीस अक्षरांची जागा असल्यामुळे ते चेपलेलं आहे. 'श्री व्हेंचर्स प्रायव्हेट' की 'श्री इव्हेंट्स', कळत नाही. गावही बहुधा कंपनीच्या नोंदणीचं, दुकानाचं नव्हे.

रकमेवरून एक सुचतंय: १,००० वर १८ टक्के जीएसटी लावला की बरोबर १,१८० होतात. म्हणजे किराणा नव्हे, कसली तरी सेवा किंवा वर्गणी असावी. मुलीच्या नृत्यवर्गाची फी ऑनलाइन भरली होती, पण ती ९ तारखेला. स्टेटमेंटवर व्यवहाराचीच तारीख असते, की पैसे जमा झाल्याची? पावतीवर वर्गाचं नाव वेगळं आहे, खाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव असतं का तेही बघते.

बँकेला विचारलं तर व्यापाऱ्याचा वर्ग दाखवणारा चार आकडी कोड सांगतात का? कुणी मिळवलाय का? तक्रार नोंदवली की कार्ड बंद करतील, म्हणून आधी खात्री करायची आहे. अर्थात, उद्यापर्यंत उलगडलं नाही तर कळवणारच.