प्रतिसाद: व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्रात प्रयोजन कसं लिहावं?

> "जर्मन ग्राहक मकरपुऱ्यात आमचे व्हॉल्व्ह बघायला येणार. पत्रात फक्त 'बिझनेस मीटिंग' लिहिलं तर चालेल का?"

एवढं मोघम नको, त्यावरून काम कळत नाही. लेटरहेडवर असं लिहा: "व्हॉल्व्हची चाचणी पाहणे व खरेदीच्या अटी ठरवणे; ९ ते १३ मार्च, वडोदरा कारखाना." नाव, पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवरून जसेच्या तसे उतरवा. विमान, हॉटेल, गाडी यांचा खर्च कोण करणार हे वेगवेगळं सांगा. "सर्व व्यवस्था आमची" यातून तिकीट कोणाचं ते कळत नाही. पाहुणे अहमदाबादला ८ तारखेला रात्री उतरणार असतील, तर मुक्काम ८ पासूनच धरा, नाहीतर व्हिसा अर्जातल्या तारखेशी पत्र जुळत नाही. ई-बिझनेस व्हिसासाठी सही केलेल्या पत्राची पीडीएफ आणि पाहुण्यांचं बिझनेस कार्ड, दोन्ही लागतात.