राउटरचं भाडं किती वर्षं भरायचं?

ए-402 देशपांडे: इंटरनेटचं बिल उघडून बघा सगळ्यांनी. प्लॅन वेगळा, राउटरचं भाडं वेगळं. माझं चौथं वर्ष चालू आहे, तोच डबा, तेच भाडं. त्याची किंमत कधीच वसूल झाली असेल. मी परत करून स्वतःचा घेतोय.

बी-101 जाधव काका: बिघडला तर येणार कोण? भाड्याचा बदलून देतात.

ए-203 निमिष: काका, हिशोब बघा. मी पाहिलेला राउटर 20 महिन्यांच्या भाड्यात येतो. पाच वर्षांची 60 भाडी होतात. मध्येच एक बंद पडून दुसरा घेतला तरी 40. मात्र वर्षभरात घर सोडणार असाल तर भाड्याचाच बरा.

सी-303 पाटील काकू: लिफ्टचं काय झालं?

सेक्रेटरी: काकू, लिफ्टचा ग्रुप वेगळा आहे. कृपया.

सी-303 पाटील काकू: तिथे उत्तर देतं का कोणी?

बी-101 जाधव काका: माझा प्रश्न तसाच आहे. बिघडला तर येणार कोण?

बी-204 स्नेहा: काका, तुम्हाला नेट हवंय की पाहुणा? 😄

बी-101 जाधव काका: मी गंभीरपणे विचारतोय. घरी आम्ही दोघंच असतो.

ए-203 निमिष: बरोबर आहे काका. फायबरची वायर ज्या डब्यात येते तो ओएनटी कंपनीचाच राहतो. त्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला तर बिघाड वायरीत किंवा कंपनीच्या बाजूला आहे. राउटर कुणाचाही असो, त्यांनाच यावं लागतं. दिवा नाही आणि ओएनटीला केबलने थेट जोडलेल्या लॅपटॉपवर नेट व्यवस्थित चालतंय, तर दोष राउटरचा. तो आपला असेल तर ते हात लावणार नाहीत. वॉरंटी असेल तर दुकान, नाहीतर आपला खर्च. ज्यांना ही तपासणी जमणार नाही त्यांनी भाडं भरण्यात काही चुकत नाही.

ए-402 देशपांडे: माझ्याकडे एकच डबा आहे. वायर त्यातच, वायफायही त्यातच.

ए-203 निमिष: मग थांबा, राउटर मागवू नका! तो डबा काढता येणार नाही. आधी लेखी विचारा, डबा राहिला तरी भाडं बंद होतं का. नसेल होत तर तुमचे पैसे वाचणारच नाहीत. होत असेल तर डबा ब्रिज मोडवर टाकून मागा, म्हणजे तो नेट फक्त पुढे देईल आणि राउटरचं काम नवीन राउटर करेल. नेटच्या लॉगिनचं नाव-पासवर्डही घ्या. नवीन राउटरच्या सेटिंगच्या पानावर WAN IP, म्हणजे त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, 192.168 ने सुरू झाला, तर जुना डबा अजून राउटरचं काम करतोय. ब्राउझिंग चालेल, पण घरचा कॅमेरा बाहेरून बघताना अडू शकेल.

बी-101 जाधव काका: म्हणजे बिघडला तर...

सेक्रेटरी: काका, निमिषने वर लिहिलंय.

डी-502 शिंदे: ज्यांचा राउटर सुटा आहे त्यांनी परत करताना सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. आमच्याकडे पावती नव्हती, डबा देऊनही पुढच्या बिलात त्याची किंमत लावली.

ए-402 देशपांडे: भाड्याचं विचारणारा मेल आत्ताच टाकतो. उत्तर आलं की इथे टाकेन.

सी-303 पाटील काकू: आणि लिफ्ट?