खुजं, खुरटलेलं, लुकडं की नुसतं 'बारीक'?

शाईदौत
वेंगुर्ला-कुडाळकडच्या नर्सिंगच्या मुलींसाठी बालरोग आणि सामुदायिक आरोग्याचे सरावप्रश्न मराठीत आणतेय. वयाच्या मानाने उंची कमी राहते त्या स्टंटिंगला 'खुजेपणा' केलं, उंचीच्या मानाने वजन कमी पडतं त्या वेस्टिंगला 'मुडदूस'. तपासणाऱ्या बाईंनी मुडदुसावर लाल रेघ ओढली, खुजेपणापुढे प्रश्नचिन्ह. मूळ प्रश्न असा: १८ महिन्यांचे दोन मुलगे, दोघांचंही वजन ७.५ किलो. एकाची लांबी ७० सेंमी, दुसऱ्याची ७८. पायांवर सूज नाही. वर्गीकरण करा, आहार आखा. दोघांनाही 'कुपोषित' लिहिलं तर प्रश्नात विचारायला काही उरतच नाही. शब्द सुचवा.

गजालकार
लाल रेघ बरोबर. मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं वाकतात तो. मूल वाळत जातं त्या मॅरॅस्मसला पुस्तकी शब्द 'सुकटी' आहे, अंगावर सूज येते त्या क्वाशिओरकोरला 'सुजवटी'. पण मालवणात 'पोराक सुकटी' म्हटलंत तर आई विचारील, जवळ्याची काय?

जुना फळा
मुडदूस हा शब्द 'मुडदा'वरूनच आला असणार, मूल मुडद्यासारखं होतं म्हणून. आमच्याकडच्या बायका वाळत चाललेल्या पोरालाच मुडदूस म्हणतात, वाकड्या पायांच्या नाही. लोक वापरतात तो अर्थ चूक कसा?

गजालकार
ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती झाली असं नाही, गुरुजी. आणि परीक्षेत 'मुडदूस' वाचून मुलगी कॅल्शियम लिहील, त्याचं काय?

मापपट्टी
शब्द नंतर, आधी मुलं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात १८ महिन्यांच्या मुलग्याचं वजन ७.८ किलोच्या खाली गेलं की ते उणे ३ एसडीच्या, म्हणजे मध्यापासून तीन प्रमाण विचलनांच्या, खाली. म्हणजे वयाच्या मानाने दोघेही 'तीव्र कमी वजनाचे'. इथपर्यंत जुळे भाऊ.

आता लांबी. या वयात उणे ३ एसडीची रेघ ७४.२ सेंमीला आहे, उणे २ ची ७६.९ ला. ७० वाला दोन्हींच्या खाली, तीव्र स्टंटेड. पण ७० सेंमी लांबीला उणे २ एसडीचं वजन ७.२ किलो आहे आणि याचं ७.५. म्हणजे आहे त्या लांबीला तो पुरेसा भरलेला आहे, वेस्टेड नाही. ७८ वाल्याची लांबी ठीक, पण त्या लांबीला उणे ३ एसडीचं वजन जवळजवळ ८ किलो. हा पाव-अर्धा किलो त्याखाली, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. एकाच वजनाची दोन मुलं: एकाची वाढ कित्येक महिने अडलेली, दुसऱ्याच्या अंगावरचं मांस-चरबी अलीकडे झडलेली. शब्दांनी हा फरक सांगितला पाहिजे.

वर्गनिहाय
इतकं कशाला? अपेक्षित वजन ११ किलो धरा, ७.५ म्हणजे ६८ टक्के. आयएपी या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची ग्रेड दोन, दोघांचीही. 'मध्यम कुपोषित' लिहा, मोकळे व्हा.

मापपट्टी
टक्केवारी बरोबर, निष्कर्ष फसवा. आयएपी आणि गोमेझ या दोन्ही वर्गीकरण पद्धती फक्त वयाच्या मानाने वजन बघतात. ६१ ते ७० मध्ये दोघेही बसतात आणि ७८ वाल्याचा सॅम त्या खान्यात दडून जातो. प्रश्नकर्त्याने दोघांची वजनं सारखी ठेवली ती याच सापळ्यासाठी. आणखी एक, दोघेही दोन वर्षांखालचे, तेव्हा माप आडवं झोपवूनच. उभं करून घेतलं असेल तर ०.७ सेंमी मिळवा.

आबोली
माझ्या बहिणीचा झील दोन वर्षांचा, वजन १० किलो. जेवणाच्या नावाने बोंब. तो यातला कुठला?

मापपट्टी
ताई, दोन वर्षांच्या मुलग्याची उणे २ एसडीची रेघ ९.७ किलोला आहे, तो वर आहे. पण उंची आणि दंडघेर मोजल्याशिवाय यातलं काहीच म्हणता येत नाही. अंगणवाडीत दोन्ही होतं. दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली असेल तर वजनकाट्याने काही सांगितलं तरी ते सॅमच.

जुना फळा
'खुजं' मला टोचतं. वामनासारखं जन्माचं वाटतं. 'खुरटलेलं' घ्या. रोप कुंडीत अडलं की खुरटतं, जमीन मिळाली असती तर वाढलं असतं. आणि वेस्टिंगला 'रोडावलेलं'. आधी होतं ते गेलं, हे त्यात येतं. 'लुकडं' मूल जन्मापासूनही लुकडं असतं.

गजालकार
गुरुजी, पहिल्यांदाच पटलं! पण सरकारी कागदावर 'खुजी' आणि 'लुकडी' बसलंय. वर्षभर त्या मुली तेच रकाने भरणार. परीक्षेत नवं शिकवून काय करायचं?

शाईदौत
आणि आहार? उत्तरपत्रिकेत दोघांनाही 'उपचारी दूध' दिलंय.

मापपट्टी
खुरटलेल्याला ते देऊन उंची वाढत नाही. त्याला घरचं दाट अन्न दिवसातून तीनदा, मधे एक-दोनदा खाणं, स्तनपान चालू. पोट एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली घेतं, म्हणजे याच्यासाठी सव्वादोनशे. ती जागा पाण्यासारख्या पेजेने भरली की उष्मांकाला जागाच राहत नाही. पेज चमच्यावरून ओघळत असेल तर पातळ. चमच्यात उभी राहिली पाहिजे, वर चमचाभर तेल, डाळ किंवा सुकटीची पूड.

रोडावलेल्याचं उत्तर प्रश्नात एक गोष्ट नसल्यामुळे अडतं: भूक आहे का? भूक असेल आणि ताप, जुलाब, गळून जाणं नसेल तर गावातच उपचार. भूक नसेल किंवा यातलं काही असेल तर दाखल करून एफ-७५ हे सुरुवातीचं हलकं उपचारी दूध, किलोमागे दिवसाला १३० मिली. ७.५ गुणिले १३० म्हणजे ९७५ मिली, दर दोन तासांनी पाजलं तर एका वेळी सुमारे ८० मिली, रात्रीसुद्धा. पायावर भारी सूज असती तर किलोमागे १०० मिली. या टप्प्यात लोह नाही.

वर्गनिहाय
सॅममध्ये पहिल्याच दिवशी जास्त उष्मांकाचं एफ-१०० का नाही? उपाशी मुलाला जास्त द्यायला नको?

मापपट्टी
तिथेच पोरं जातात. उपाशी शरीराने हृदय, मूत्रपिंडं, सगळंच मंद केलेलं असतं. एकदम भार टाकला तर फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, हृदय दमतं. भूक परतली, सूज असल्यास उतरू लागली की तेवढ्याच मिलीत एफ-१००, दोन दिवस. मग दर पाजणीला १० मिली वाढवत जायचं, मूल थोडं उरवेपर्यंत. श्वास मिनिटाला ५ ने आणि नाडी २५ ने वाढून तशीच राहिली तर मात्रा कमी. लोह वजन वाढू लागल्यावर.

आबोली
पेज म्हणालात ती आमच्याकडे पातळच असते. दाट केली की ती आटवल. मुलींना 'दाट पेज द्या' सांगितलं तर घरी कोणी ऐकणार नाही.

जुना फळा
आटवल म्हणजे मऊ भात, पेजेचा प्रकार नव्हे!

गजालकार
आमच्या देवगडात आजारी माणसाला पातळसर आटवल देतात बघा.

शाईदौत
उत्तरपत्रिकेत 'आटवल' लिहिते, भुकेचं वाक्य प्रश्नात घालते. 'खुजं' की 'खुरटलेलं' ते बाईंवर सोडते. पण एक राहिलंच: आया 'बारको आसा' म्हणतात तेव्हा त्यांना लहान म्हणायचं असतं की हडकुळा?